शिअरिंगवरचा उजवा हात: दुखापतीनंतर कामावर परतण्याचं बडोद्यातलं एक प्रकरण

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्राकामाच्या कारखान्यातलं हे प्रकरण आहे. काळ ऑक्टोबर 2022 ते एप्रिल 2023. कामगाराचं नाव बदललं आहे आणि कारखान्याची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून पाचव्या आठवड्यापासून यात होते. त्या वेळी कर्मचारी राज्य विमा कायदा, 1948 लागू होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आहे, त्यामुळे आज हे प्रकरण कुणाला उपयोगी पडलं तर कलमं नव्या संहितेत पाहावीत.

## पार्श्वभूमी

रमेशभाई (घरी आणि वाडीतल्या शेजाऱ्यांत रमेश, कारखान्यात सगळ्यांचे रमेशभाई) वय 41, त्या कारखान्यात अकरा वर्षं पत्रा कापणाऱ्या शिअरिंग मशीनवर. पगार महिना साधारण 18,000 रुपये, म्हणजे विम्याच्या 21,000 रुपयांच्या मर्यादेत. दिवाळीआधीच्या ऑर्डरी काढायच्या गडबडीत, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, थप्पीवरून 2 मिलिमीटरचा पत्रा उचलताना हेल्परच्या हातातलं टोक सुटलं आणि पत्र्याची कड रमेशभाईंच्या उजव्या हातावरून घसरली. हातात सुती मोजे होते. सुती मोजा पकड देतो, धार अडवत नाही.

तर्जनी आणि मधलं बोट तळव्याच्या बाजूने, बोटांच्या मुळाशी कापली गेली. दोन्ही बोटं वाकवणारे टेंडन तुटले आणि तर्जनीच्या अंगठ्याकडच्या बाजूची संवेदनेची नसही तुटली. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होऊन टेंडन आणि नस दोन्ही जोडले गेले.

हाताच्या या भागात टेंडन एका अरुंद नळीतून सरकतात, सायकलच्या ब्रेकची तार आवरणातून सरकते तसे. जोडलेला टेंडन अजिबात हलवला नाही तर तो नळीला चिकटतो आणि बोट वाकत नाही. लवकर जोर दिला तर शिवण तुटते. म्हणून पहिले सहा आठवडे हाताच्या पाठीवरून बसवलेला स्प्लिंट रात्रंदिवस आणि त्यातच ठरावीक, हलके व्यायाम. सहाव्या आठवड्यानंतर स्प्लिंट निघतो, आठव्यापासून हलका जोर सुरू होतो, आणि बाराव्या आठवड्याच्या आसपास हात रोजच्या वापराला तयार धरला जातो. जड उचलणं त्याच्याही पुढे. अडचण अशी की सातव्या-आठव्या आठवड्यात जखम भरलेली असते, दुखणंही गेलेलं असतं. बघणाऱ्याला हात बरा दिसतो, ज्याचा हात आहे त्यालाही तसंच वाटतं. आतला टेंडन मात्र तेव्हा एक जड बादली उचलण्याच्याही लायकीचा नसतो.

अपघाताच्या दिवशीच एक गोष्ट नीट झाली आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं राहिलं. कारखान्याच्या पर्सनल विभागातल्या माणसाने त्याच संध्याकाळी कामावरचा अपघात म्हणून कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे अहवाल भरला. ‘आधी जवळच्या डॉक्टरकडे नेऊ, मग बघू’ असा विचार मालकांनी बोलून दाखवला होता. तसं झालं असतं आणि पुढे हे प्रकरण साध्या आजारपणात मोडलं असतं, तर सरासरी रोजाच्या 70 टक्के रक्कम मिळाली असती आणि तीही वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. 91 दिवस म्हणजे तेरा आठवडे, आणि रमेशभाईंचा हात शिअरिंगला तयार व्हायला त्याहून जास्त काळ लागणार होता. कामावरची दुखापत म्हणून नोंद झाल्यामुळे तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ लागू झाला: रोजाच्या 90 टक्के, आणि अक्षमता असेपर्यंत, दिवसांची मर्यादा नाही.

## अडचण

पाचव्या आठवड्यात रमेशभाई आणि वहिनी माझ्याकडे आले तेव्हा बोटांपेक्षा नोकरीची काळजी जास्त होती. त्यांच्या जागी कॉन्ट्रॅक्टरकडून एक तरुण मुलगा घेतला होता. तो हुशार होता, हात बसवत होता, आणि दिवाळीनंतर त्याला कायम करायचं असं सुपरवायझरच्या तोंडून बाहेर आलं होतं. मालकांचं रमेशभाईंशी वागणं चांगलं होतं. ते घरी येऊन गेले होते, बोनसचं पाकीट देऊन गेले होते आणि म्हणाले होते, “पूर्ण बरे होऊन या, रमेशभाई. मशीन कुठे पळून जातंय?”

हे वाक्य मनापासूनचं होतं आणि तरी त्यातच धोका होता. लाभ सुरू असताना मालकाला कामगाराला कामावरून काढता येत नव्हतं, तशी कायद्यातच मनाई होती. पण हे छप्पर शेवटच्या प्रमाणपत्रापर्यंतचंच. विम्याच्या डॉक्टरांनी ‘कामावर जाण्यास योग्य’ असं लिहिलं की लाभ थांबतो आणि त्यासोबत ती मनाईही संपते. त्या दिवशी माणूस कारखान्यात गेला, तीन महिन्यांत एकदाही पत्रा न उचललेल्या हाताने मशीनवर उभा राहिला, दोन दिवसांत त्याला जमेना, तर मालक आपल्या दृष्टीने प्रामाणिकपणे म्हणू शकतो की याच्याच्याने आता होत नाही. सरकारी नोकरीत सेवेत असताना अपंगत्व आलं तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार असतो. तो आधार खासगी कारखान्याला लागू नाही. उलट त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात, सततच्या अनारोग्यामुळे सेवा संपवली तर तिला कामगारकपात म्हणत नसत, म्हणजे कपातीची भरपाईही नाही.

मी पाहिलेल्या हाताच्या दुखापतींत नोकरी सुटली ती बहुतेक वेळा रजेत नाही, फिटनेसचा कागद हातात आल्यानंतरच्या पंधरवड्यात सुटली. म्हणून या प्रकरणात आम्ही आठवा ते पंधरावा आठवडा हा काळ मुख्य धरला.

## समोर असलेले पर्याय

सहाव्या आठवड्यात कारखान्याच्या ऑफिसात बैठक झाली. मालक, पर्सनलचे गृहस्थ, सुपरवायझर, रमेशभाई आणि मी. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी मी आधीच बोलून घेतलं होतं.

पहिला पर्याय मालकांचा: पूर्ण बरं होईपर्यंत घरी, मग एकदम मशीनवर. कारखान्याला एक पैसा खर्च नाही. पण वर सांगितलेला सगळा धोका यातच होता, आणि चौदा आठवडे घरी बसलेल्या हाताची पकड आणि त्या माणसाचा आत्मविश्वास दोन्ही परत मिळवायला वेळ लागतो.

दुसरा पर्याय सुपरवायझरने सहज सुचवला. प्रमाणपत्र चालू ठेवायचं, लाभ घ्यायचा, आणि रोज येऊन बसून थोडंफार करायचं. वरचे पैसे रोखीत. अशी सोय अनेक छोट्या कारखान्यांत होते आणि देणाऱ्याला ती दयाळूपणाची वाटते. कायदा स्पष्ट होता: ज्या दिवशी काम करून मजुरी घेतली त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, आणि खोटी माहिती देऊन लाभ घेणं हा गुन्हा. शिवाय हजेरीवर नाव नसताना त्या हाताला पुन्हा काही झालं असतं, तर तो कामावर होता हे सिद्ध करणंच अवघड झालं असतं. हा पर्याय मी त्या खोलीतच बाद करायला लावला.

तिसरा पर्याय टप्प्याटप्प्याने परतण्याचा: आठव्या आठवड्यापासून कमी तास, हलकं काम, हळूहळू वाढ. सगळ्यांना पटला, आणि लगेच पैशांवर अडला. मालक म्हणाले, अर्धा दिवस काम तर अर्धा पगार. ऐकायला रास्त वाटतं. आम्ही कागदावर मांडलं. घरी बसून रमेशभाईंना लाभाचे महिना सुमारे 16,000 मिळत होते. अर्ध्या पगारावर कामाला आले तर 9,000. काम करायला आल्याबद्दल महिन्याला 7,000 चं नुकसान. उरलेल्या अर्ध्या दिवसाचा लाभ विम्याकडून मिळत नाही, कारण लाभाचा हिशेब दिवसाचा आहे, तासांचा नाही. अर्धवट परत येणाऱ्या माणसासाठी या व्यवस्थेत खानाच नाही.

इथे कायद्यातली एक व्याख्या कामाला आली. तात्पुरतं अपंगत्व म्हणजे दुखापतीच्या वेळी जे काम करत होता *ते* काम करण्याची अक्षमता. म्हणजे रमेशभाई टेबलावर बसून माप घेऊ शकतात एवढ्यावरून त्यांचा लाभ बंद होत नव्हता. शिअरिंग जमेपर्यंत घरी राहण्याचा हक्क त्यांना होता. लवकर येणं ही त्यांच्या बाजूने दिलेली सवलत होती, मागितलेली नाही. बैठकीत हे एकदा नीट समजल्यावर बोलण्याचा सूर बदलला.

मग मालकांच्या बाजूचा हिशेब. पहिले दोन आठवडे चार तास, पुढचे दोन आठवडे सहा तास, त्यानंतर पूर्ण पाळी. पूर्ण पगार दिला तर न केलेल्या तासांचे पैसे पहिल्या टप्प्यात साधारण 4,500 आणि दुसऱ्यात 2,250, एकूण 6,750 रुपये. त्याच महिन्यात नव्या मुलाने मापात चुकवलेले पत्रे भंगारात गेले होते, आणि त्यांची किंमत मालकांना तोंडपाठ होती. त्यांनी पूर्ण पगाराला होकार दिला.

चौथा पर्याय, हिशेब करून मोकळं करण्याचा, कुणी उच्चारला नाही. पण ‘नव्या मुलाला कायम करू’ या वाक्यात तो लपलेलाच होता, म्हणून त्यावरही त्याच दिवशी बोलून घेतलं.

## काय केलं

जागा राखल्याचं पत्र. रमेशभाई आठव्या आठवड्यात कामावर आले की लाभाचं छप्पर जाणार होतं. त्याऐवजी कारखान्याने एका पानाचं पत्र दिलं. त्यात चार गोष्टी होत्या: शिअरिंग ऑपरेटरची जागा 31 मार्च 2023 पर्यंत त्यांच्यासाठी राखलेली आहे, या काळातल्या हलक्या कामामुळे पद, पगार आणि सेवेची सलगता बदलणार नाही, बदली कामगाराची नेमणूक त्याच तारखेपर्यंतची आहे, आणि हात पुन्हा बिघडला तर विम्याच्या डॉक्टरांकडे परत जाण्यात कारखाना आडकाठी करणार नाही. शेवटचं कलम रमेशभाईंच्या आग्रहाने आलं. “एकदा फिट लिहिलं की परत नाही म्हणता येत नाही,” असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तसं नसतं. त्याच दुखापतीमुळे पुन्हा अक्षमता आली तर डॉक्टर पुन्हा प्रमाणपत्र देऊ शकतात.

कामाची फोड. मी सातव्या आठवड्यात शिअरिंगपाशी एक पूर्ण सकाळ उभी राहिले. ‘शिअरिंग’ हे काम म्हणून लिहिलं तर हात त्याला तयार आहे की नाही हे सांगताच येत नाही. फोडलं तर येतं. 8 फूट बाय 4 फूट, 2 मिलिमीटरचा पत्रा सुमारे 47 किलोचा. दोघांनी उचलला तरी प्रत्येकी 23 किलोवर, आणि तो उचलायचा कडेखाली बोटांच्या टोकांचा आकडा करून. नेमका जोडलेल्या टेंडनवर सगळा भार. 1 मिलिमीटरचा पत्रा याच्या निम्मा. याउलट कापाचं माप ठरवणारा बॅक गेज लावणं, ड्रॉइंग वाचणं, पहिला तुकडा व्हर्नियरने तपासणं, जॉब कार्ड लिहिणं यांत जोर जवळजवळ नाही, आणि कारखान्याला रमेशभाईंची जी खरी गरज होती ती याच भागात होती. मशीनमागे अडकलेली भंगाराची पट्टी ओढून काढणं हे यादीत कुणीच सांगितलं नव्हतं. मी उभी होते तेवढ्या वेळात नव्या मुलाने ते पाच-सहा वेळा केलं.

तर्जनीचा वेगळा विचार करावा लागला. तुटलेली नस जोडल्यावर साधारण दिवसाला एक मिलिमीटर वेगाने पुढे वाढते, तीही सुरुवातीचे काही आठवडे गेल्यावर. बोटाच्या मुळापासून टोकापर्यंत सहा-सात सेंटिमीटर, म्हणजे टोकाला जाणीव यायला तीन-चार महिने. तोवर ते बोट धारेवरून फिरलं तरी रक्त दिसल्यावरच कळणार. म्हणून धार घासणं, पत्र्याची कड बोटाने चाचपणं ही कामं हात कितीही मजबूत वाटला तरी बंद.

टप्पे. आठवा-नववा आठवडा: सकाळी साडेआठ ते साडेबारा, तपासणीचं टेबल. उजव्या हाताने एक किलोपर्यंत. पेनाला फोम गुंडाळून जाड केलं, दर तासाला बोटांचे व्यायाम, त्याची वेळ कामाच्या वेळेत धरलेली. दहावा-अकरावा: सहा तास, मशीनची जुळवणी आणि नव्या मुलाला शिकवणं, दोन किलोपर्यंत. बारावा ते चौदावा: पूर्ण पाळी, हेल्परने चढवलेल्या 1 मिलिमीटरच्या पत्र्यावर मशीन चालवणं, पाच किलोपर्यंत. पंधराव्यापासून 2 मिलिमीटर, पण उचलण्यासाठी मॅग्नेटवाली उचलपट्टी, जिने बोटांऐवजी मुठीवर भार येतो.

पुढच्या टप्प्यात जायचं ते नुसती तारीख आली म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं आदल्या सकाळपेक्षा सुजलेली नसावीत. अंगठी बसते का, एवढ्यावर हे घरीही कळतं. आणि मूठ वळल्यावर बोटाचं टोक तळव्यापासून किती दूर राहतं ते अंतर वाढलेलं नसावं. आठव्या आठवड्यात ते तर्जनीला साडेतीन सेंटिमीटर होतं. मुठीची ताकद यंत्रावर पहिल्यांदा मोजली ती बाराव्या आठवड्यात. त्याआधी पूर्ण जोराने मूठ आवळायला लावणं म्हणजे शिवणीचीच परीक्षा घेणं.

येणं-जाणं. हे सुचवलं वहिनींनी. वाडीतून मकरपुऱ्याला रमेशभाई मोटरसायकलने जात. अ‍ॅक्सिलरेटर उजव्या मुठीत आणि पुढचा ब्रेक उजव्या हाताच्या बोटांत. आठव्या आठवड्यात अचानक ब्रेक दाबावा लागला तर टेंडनवर किती झटका येईल याचा विचार बैठकीत कुणी केलाच नव्हता. तरसालीला राहणारा एक सहकारी दुपारच्या पाळीचा होता, तो उपयोगाचा नव्हता. शेवटी स्टोअरमधला एकजण सकाळी मागे बसवून नेऊ लागला आणि काम संपल्यावर ते शेअर रिक्षाने परतत. बाराव्या आठवड्यापर्यंत हेच.

## मधेच आलेला अडथळा

अकराव्या आठवड्यात, डिसेंबरअखेरच्या डिलिव्हरीच्या धावपळीत, भंगाराची एक पट्टी मशीनमागे अडकली. नवा मुलगा जेवायला गेला होता. त्या दिवशी सुपरवायझरही बदलीचा होता. त्याने हाक मारली आणि रमेशभाईंनी अकरा वर्षांच्या सवयीने उजव्या हाताने पट्टी ओढली. मधल्या बोटात कळ आली, संध्याकाळपर्यंत बोट सुजलं. त्यांनी मला फोन केला तो रात्री, आणि आवाजात भीती होती.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच: टेंडन तुटला का? दुखण्यावरून ते कळत नाही, कारण तुटलेला टेंडन कधीकधी फारसा दुखतही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाचं मधलं पेर सरळ धरून ठेवलं आणि फक्त टोक वाकवायला सांगितलं. वाकलं. मग हात सैल सोडून मनगट हळूच मागे वळवलं, तर चारही बोटं आपोआप आतल्या बाजूला वळली आणि मधलं बोट बाकीच्यांच्या रांगेत राहिलं. टेंडन शाबूत असल्याची ही खूण. तुटला असता तर ते बोट एकटंच सरळ राहिलं असतं, आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे पळावं लागलं असतं. आम्ही तरी त्यांना दाखवून घेतलं. त्यांनीही ताणच म्हटलं.

निर्णय घ्यायचा होता तो पुढचा. रमेशभाईंना वाटलं आता परत विम्याच्या रजेवर जावं. मालकांनाही तेच सुरक्षित वाटलं. माझं मत होतं की एक आठवडा तपासणीच्या टेबलावर मागे यावं आणि मग पुढे जावं. टेंडन शाबूत होता, सूज तीन दिवसांत उतरणारी होती, आणि दर अडथळ्याला घरी पाठवायचं ठरलं असतं तर पुढच्या वेळी त्यांनी दुखलं तरी सांगितलं नसतं. तसंच केलं. अंगठी पाचव्या दिवशी बसली.

हे का घडलं ते मात्र नीट तपासलं. मर्यादांचा कागद पर्सनलच्या फाइलमध्ये होता. नेहमीच्या सुपरवायझरला माहीत होता, बदलीच्या सुपरवायझरला नव्हता. मशीनपाशी त्याचा मागमूस नव्हता. आणि रमेशभाईंनी स्वतः ‘नाही’ म्हणावं ही अपेक्षा चुकीची होती. जागा जाईल या भीतीत असलेला माणूस वरिष्ठांना नाही म्हणत नाही. त्या दिवसापासून एक कार्ड मशीनच्या पॅनेलवर चिकटवलं, गुजरातीत आणि हिंदीत: उजव्या हाताने काय चालेल, किती किलो, पट्टी ओढायची नाही, धार चाचपायची नाही, कोणत्या तारखेपर्यंत. पाळी बदलताना ते वाचून सही करायची जबाबदारी सुपरवायझरची. पट्टी ओढायला लांब आकडा ठेवला. तो आता सगळेच वापरतात.

## निष्पत्ती

एक आठवडा मागे आल्यामुळे सगळे टप्पे आठवड्याने सरकले. बाराव्या आठवड्याला उजव्या मुठीची ताकद 16 किलो भरली, डाव्याची 38. 2 मिलिमीटरवर ते परतले ते उत्तरायण आणि वासी उत्तरायण हे पतंगांचे दोन दिवस होऊन आणखी आठवड्याने. त्या दोन दिवसांची मला कामापेक्षा जास्त धास्ती होती. जाणीव नसलेली तर्जनी आणि मांजा. फिरकी धरेन, पतंग उडवणार नाही, असं त्यांनी मुलाला सांगून ठेवलं होतं आणि पाळलं.

फेब्रुवारीपासून ते पुन्हा पूर्णपणे शिअरिंगवर आहेत. सहा महिन्यांनी मूठ 31 किलो, तर्जनीचं टोक तळव्यापासून एक सेंटिमीटर, मधलं बोट अर्धा. तर्जनीच्या टोकाची अंगठ्याकडची बाजू अजून बधिर आहे आणि थंडीच्या सकाळी लोखंडाला लागली की झोंबते. हे बहुधा राहील.

नवा मुलगा 31 मार्चनंतरही राहिला, पण दुसऱ्या मशीनवर, पत्रा वाकवणाऱ्या प्रेस ब्रेकवर. त्याला शिअरिंगची जुळवणी रमेशभाईंनीच शिकवली होती, त्यामुळे आता कारखान्यात ते काम जाणणारे दोघं आहेत.

कायमच्या अपंगत्वासाठी वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करावा की नाही यावर घरात बरेच दिवस चर्चा चालली. रमेशभाईंना वाटत होतं की अर्ज केला म्हणजे ‘मी कामाचा राहिलो नाही’ असं लिहून दिल्यासारखं होईल आणि मालक त्याचाच आधार घेतील. मालकांना वाटत होतं की मंडळाने टक्के दिले तर भरपाई कारखान्याच्या अंगावर येईल. दोघांची भीती निराधार होती. कायमच्या अपंगत्वाचा लाभ नोकरी आणि पगार चालू असतानाही मिळतो, तो महामंडळ देतं, आणि विमा असलेल्या कामगाराला त्याच दुखापतीसाठी मालकाकडून वेगळी कायदेशीर भरपाई मागता येत नाही. बोट गेलं असतं तर कायद्याच्या परिशिष्टात त्याचे टक्के ठरलेले असतात. इथे बोटं शाबूत होती, त्यामुळे कमी झालेली हालचाल आणि बधिरता पाहून मंडळच टक्के ठरवतं. अर्ज केला. टक्केवारी लहान आली, पण ती आयुष्यभराची आहे.

## वेगळं काय करता आलं असतं

बैठक सहाव्या आठवड्यात झाली. दुसऱ्या आठवड्यात झाली असती तर बदली मुलाची नेमणूक सुरुवातीपासूनच मुदतीची झाली असती, त्याला कायम करण्याचं कुणी बोललं नसतं, आणि रमेशभाईंनी महिनाभर रात्री जागून काढल्या नसत्या. टेंडनच्या दुखापतीत हात किती आठवड्यांनी काय करू शकेल याचा अंदाज शस्त्रक्रियेनंतर लगेच सांगता येतो. तो अंदाज डॉक्टरांकडे होता, पण कारखान्याने विचारला नव्हता आणि कामगाराला असं काही विचारायचं असतं हे माहीत नव्हतं.

मशीनवरचं कार्ड पहिल्या दिवसापासून हवं होतं. त्याला खर्च एका कागदाचा.

चार तास हे कमी होते का जास्त, यावर डॉक्टरांचं आणि माझं आजही एकमत नाही. त्यांच्या मते तपासणीच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून सहा तास चालले असते. माझ्या मते पहिल्या आठवड्यात हात कमी आणि माणूस जास्त थकतो, कारण दोन महिने घरी असलेल्याला पाळीचा आवाज, उभं राहणं आणि सगळ्यांचे ‘कसा आहे हात’ हे प्रश्न एकदम येतात. रमेशभाई पहिल्या दिवशी घरी जाऊन संध्याकाळी सात वाजताच झोपले होते.

मालकांनी पूर्ण पगार दिला तो हिशेब पटल्यामुळे, आणि त्यांना तसं करणं भाग नव्हतं. दुसऱ्या एखाद्या कारखान्यात मालकाने नकार दिला तर काय? तर माझा सल्ला टप्प्यांचा आग्रह धरायचा नाही, असाच असेल. कामगाराने लाभावरच राहावं, पुनर्वसन पूर्ण करावं, आणि त्या काळात दर आठवड्याला एकदा मशीनपाशी जाऊन यावं, काम न करता, फक्त बघायला आणि बोलायला. जागा राखल्याचं पत्र मात्र तेव्हाही मागावं, आणि शेवटचं प्रमाणपत्र घेण्याआधी मागावं, नंतर नाही.